माहुलीचे फोड, राजमाचीचे मोजे

14 जानेवारी 2024 रोजी संध्याकाळी आसनगाव स्थानकाच्या बाकावर बसले होते आणि पायातले बूट तिथेच काढावेत की ठाण्याला घरी पोहोचेपर्यंत तसेच ठेवावेत, हे मला ठरवता येत नव्हते. माहुली चढून-उतरून आलेल्या त्या दिवशी दोन्ही टाचांवर मागच्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढे फोड आले होते, आणि उजव्या टाचेवरचा फोड फुटून मोजा त्याला चिकटला होता. बूट नवे असले तरी पंधरा दिवस पाचपाखाडीतल्या रस्त्यांवर रोज घालून मऊ केलेले होते. त्यांना साडेचार हजार रुपये मोजले होते, त्यामुळे सगळा राग साहजिकच त्यांच्यावर निघाला. पुढच्या सात महिन्यांत मी ते बूट मात्र बदलले नाहीत, मोजे चार प्रकारचे बदलले.

त्या दिवशी पायात होते ते गोखले रोडवर दोनशे रुपयांना तीन जोड मिळणारे जाड सुती मोजे, आतून टॉवेलसारखे. सुती कापड घाम शोषते, म्हणजे पाय कोरडा राहील, असा माझा सरळ हिशेब होता. चढाच्या पहिल्या तासाभरात टाचेला चटका बसल्यासारखी एक गरम जागा जाणवू लागली होती. वरची लोखंडी शिडी आली की थांबू, असे म्हणत मी चालत राहिले. ती शिडी येईपर्यंत आणखी दीड तास गेला. आता कळते की थांबायची वेळ तीच होती, कारण त्या गरम जागेपासून फोडापर्यंत फार वेळ लागत नाही आणि एकदा त्वचेखाली पाणी धरले की वाटेत काहीही केले तरी ते मागे फिरत नाही.

बुधवारी फुटलेल्या फोडाभोवतीची कातडी लाल झाली, म्हणून नौपाड्यातल्या एका डॉक्टरांकडे गेले. तासभर बसल्यावर पाच मिनिटांची तपासणी, तपासणीचे सहाशे रुपये आणि मलम-ड्रेसिंगचे दोनशे दहा. सैल झालेली कातडी मी नखकात्रीने कापून टाकली होती, त्याबद्दल बोलणी खाल्ली, कारण तीच कातडी खालच्या कोवळ्या त्वचेचे झाकण असते. दहा दिवस मी ऑफिसला मागून उघड्या चपला घालून गेले.

आमच्या ग्रुपमध्ये तीस वर्षे सह्याद्रीत हिंडणारे एक काका आहेत. त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी बुटांविषयी चकार शब्द काढला नाही, मोजे कोणते होते एवढेच विचारले. नंतर भेटल्यावर त्यांनी जे करून दाखवले ते कुणीही घरी करून पाहावे. ते म्हणाले, "डाव्या हाताच्या पंजाच्या वर उजव्या हाताचे बोट घट्ट दाब आणि पुढे-मागे हलव. बोट घसरते का?" बोट घसरत नव्हते. ते कातडीला चिकटून होते आणि खालच्या हाडावरून कातडीच पुढे-मागे ओढली जात होती. "हेच तुझ्या टाचेत प्रत्येक पावलाला झाले," काका म्हणाले. "बाहेरून घासून फोड येतो असे सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात कातडी मोज्याला चिकटते, मोजा बुटाला चिकटतो, आणि आत हाड सरकत राहते. मग कातडीचे आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या फटीत पाणी भरते."

त्यांचा पुढचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटला. कोरडी त्वचा कापडावरून बऱ्यापैकी घसरते आणि पाण्याने निथळणारी त्वचाही थोडीफार घसरते. या दोहोंच्या मधली, घामाने नुसती दमट झालेली त्वचा मात्र कापडाला सर्वांत घट्ट धरते, आणि बंद बुटात ठाण्याच्या हवेत पाय बहुतेक वेळ याच अवस्थेत असतो. तेव्हा मोज्याकडून दोन कामे हवीत. घाम त्वचेपासून दूर न्यावा आणि सरकणे व्हायचेच असेल तर ते त्वचेवर न होता दुसरीकडे कुठेतरी व्हावे. टाल्कम पावडर आणि व्हॅसलीन यांविषयीही मी विचारले. पावडर घामात भिजून तिचे गोळे होतात आणि ते गोळेच टोचतात. व्हॅसलीनने सुरुवातीला पाय छान घसरतो, पण काही तासांत ते मुरले की पकड उलट वाढते, म्हणून ते पुन्हापुन्हा लावावे लागते. मी दोन्ही बाजूला ठेवले.

सुती मोज्याचे नेमके काय चुकते, हे त्यानंतर मला समजू लागले. कापूस पाणी तंतूच्या आत घेतो, फुगतो, मऊ पडतो आणि ते पाणी सहजासहजी सोडत नाही. आतली टॉवेलसारखी वेटोळी दबून सपाट होतात, मोजा सैल पडून टाचेखाली चुणी करतो, आणि ओले, चुणी पडलेले कापड दिवसभर पायाला लागून राहते. घाम शोषला जातो यात खोटे काहीच नव्हते, फक्त शोषलेला घाम मी पायालाच बांधून फिरत होते. पॉलिएस्टरचा तंतू पाणी आत जवळजवळ घेतच नाही, ते तंतूंच्या मधल्या फटींतून बाहेरच्या बाजूला सरकत जाते. लोकरीची तऱ्हा निराळी आहे. ती ओलावा तंतूच्या आत भरपूर घेते आणि तरीही हाताला लवकर ओली लागत नाही, शिवाय तिच्या तंतूला मूळचाच नागमोडीपणा असल्यामुळे भिजल्यावरही ती दबून सपाट होत नाही. मेरिनो ही त्यातली बारीक तंतूंची लोकर, म्हणून टोचत नाही. मात्र नुसती मेरिनो लवकर झिजते, त्यामुळे चांगल्या मोज्यात बळकटीसाठी नायलॉन आणि पाय धरून ठेवण्यासाठी थोडे इलॅस्टेन मिसळलेले असते.

"ठाण्यात लोकरीचे मोजे?" हा आईचा प्रश्न रास्त होता. तरीही 30 जानेवारीला मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'मेरिनो वूल' असे ठळक लिहिलेला जोड 449 रुपयांना मागवला. 3 फेब्रुवारीला तो आला. पाकिटावर कुठेही टक्केवारी नव्हती आणि कापड नको तितके गुळगुळीत होते. मोज्याच्या वरच्या काठातून आतल्या बाजूने एक धागा ओढून काढला, चिमट्यात धरला आणि गॅसच्या ज्योतीला लावला. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि मागे चुरगळणारी काळी राख राहते. कापूस कागदासारखा जळतो. माझ्या धाग्याचा वितळून कडक काळा मणी झाला, केसांचा वास अजिबात आला नाही. तो अॅक्रिलिक असावा. (काठात इलॅस्टिक असते आणि तेही वितळते, म्हणून मी पंजाच्या भागातूनही एक धागा काढून पाहिला. निकाल तोच लागला.)

परत करायला गेले तर 'अंतर्वस्त्रे व मोजे परत घेतले जात नाहीत' हे उत्तर तयार होते. मी परतावा मागितला होता तो माप बसत नाही म्हणून नव्हे, वर्णनाप्रमाणे वस्तू नाही म्हणून. दोन्ही कारणांचे रकाने वेगळे असतात आणि पहिला रकाना निवडला की अर्ज तिथेच बंद होतो, हे दुसऱ्या प्रयत्नात कळले. पाकिटाच्या चारही बाजूंचे फोटो, विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि मण्याचा जवळून काढलेला फोटो जोडले. सहा दिवस उत्तर आले नाही, म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि मिळालेला तक्रार क्रमांक विक्रेत्याला कळवला. 21 फेब्रुवारीला पैसे परत आले. विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच घेऊन ठेवावा, कारण माझ्या तक्रारीनंतर त्या पानावरचे 'मेरिनो' गायब झाले होते.

दरम्यान एका मोठ्या क्रीडासाहित्याच्या दुकानात जाऊन मी पाकिटे उलटून मागची बारीक अक्षरे वाचली. पुढे मोठ्या अक्षरांत 'मेरिनो' आणि मागे वीस टक्के लोकर, असेही जोड तिथे होते. शेवटी साठ टक्के मेरिनोचा मध्यम जाडीचा जोड 899 रुपयांना, पॉलिएस्टर-नायलॉनचे पातळ मोजे दोन जोड 499 रुपयांना आणि आतून घालायचे अगदी पातळ लायनर 349 रुपयांना घेतले. मोजा हातात घेऊन उलटा करावा आणि बोटांवरच्या शिवणीवरून नख फिरवावे. नखाला जी शिवण उंच लागते ती सहा तासांनी करंगळीलाही तशीच लागते.

फेब्रुवारीच्या चार रविवारी मी येऊरच्या डांबरी चढावर सकाळी दोन-दोन तास चालले, एका पायात एक मोजा आणि दुसऱ्यात दुसरा. पुढच्या रविवारी पायांची अदलाबदल करायची, कारण माझी उजवी टाच मुळातच जास्त सोलवटते आणि तो दोष मोज्याच्या माथी जायला नको होता. निघण्यापूर्वी आणि परतल्याबरोबर प्रत्येक मोजा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला. (पोळ्यांच्या कणकेसाठी घेतलेल्या काट्यावर घामट मोजे ठेवल्याबद्दल घरात काय ऐकावे लागले, ते इथे लिहीत नाही.) कोरडा सुती मोजा 34 ग्रॅमचा होता, तो 47 झाला. मेरिनोचा 38 वरून 47 झाला. पॉलिएस्टरचा मात्र 27 वरून 31 झाला आणि मला वाटले, स्पर्धा इथेच संपली.

तिसऱ्या रविवारी सहज बुटांच्या आतल्या सुट्या गाद्यासुद्धा काट्यावर ठेवल्या, तेव्हा खरी गोष्ट उघड झाली. सुती मोज्याखालची गादी दोन ग्रॅमने वाढली होती आणि पॉलिएस्टरखालची पाच ग्रॅमने. दोन्ही पायांना घाम साधारण सारखाच आला असावा. सुती मोज्याने तो स्वतःजवळ ठेवला आणि पॉलिएस्टरने बुटाच्या हवाली केला. माझ्या बुटाला पाणी आत येऊ न देणारे अस्तर आहे, त्यामुळे बाहेर जाणारी वाफही धिमीच असते. फेब्रुवारीच्या कोरड्या सकाळी गादीतला ओलावा हळूहळू उडून जायला वाव होता. तो वाव पावसाळ्यात राहणार नाही, हे मी तेव्हा लक्षात घ्यायला हवे होते.

पायाला काय वाटले तेही सांगते, कारण काटा ते सांगत नाही. सुती मोज्यात दीड तासाने टाच गरम झाली. पॉलिएस्टरमध्ये पाय कोरडा होता, पण पातळ कापडामुळे टाच बुटात किंचित उचलली जात होती. मेरिनोत पाय दमट असूनही चिकट वाटला नाही आणि टाच जागेवर राहिली.

जाडीचा प्रश्न इथूनच निघाला. मेरिनो एवढा चांगला, तर त्याहून जाड मोजा घेऊन पाहू, म्हणून मी मैत्रिणीचा हिमालयात वापरलेला जाड जोड मागून आणला. तासाभरात बोटांना मुंग्या आल्या. बूट घेताना मी सकाळी दुकानात ऑफिसचे पातळ मोजे घालून मापले होते, ही चूक तेव्हा लक्षात आली. पाय दिवसभरात थोडा फुगतो, म्हणून बूट संध्याकाळी आणि ट्रेकचेच मोजे घालून मापावेत. बूट न बांधता पाय पुढे सरकवला तर टाचेमागे एक बोट मावले पाहिजे. वापरलेले बूट बदलून मिळणार नव्हते, त्यामुळे माझ्या बुटात मध्यम जाडीच मावते हे मान्य केले आणि पायाच्या वरच्या भागावर दाब येत होता तिथली नाडीची एक जोडी भोके मोकळी सोडली. घोट्याजवळ मात्र नाडीचा पीळ दुहेरी दिला, म्हणजे टाच उचलली जात नाही.

10 मार्चला पेबला, म्हणजे विकटगडावर गेलो. नेरळहून चढ आणि उतरताना माथेरानच्या रुळांच्या बाजूने परत, असा सगळा मिळून सात तासांचा दिवस झाला. आत लायनर आणि वर मेरिनो असे दोन थर घातले होते, जेणेकरून सरकणे या दोन कापडांच्या मध्ये व्हावे. टाचा शाबूत राहिल्या. डाव्या करंगळीला मात्र चौथ्या तासाला गरम जागा जाणवली. या वेळी लगेच थांबले आणि मोजा काढून पाहिला, तर लायनरची एक बारीक चुणी करंगळीखाली गेली होती. ती सरळ केली, त्वचा पुसून पाच मिनिटे वाऱ्याला धरली आणि औषधाच्या दुकानात चाळीस रुपयांना मिळणारी कागदी चिकटपट्टी लावली. फोड आला नाही. दोन मोजे घालायचे तर लायनर पायाला अगदी अंगाबरोबर बसणारा हवा, नाहीतर चुण्यांची जागा एकाऐवजी दोन होते, असे माझे मत झाले. पेबनंतर मी लायनर फारसा वापरलेला नाही.

मेरिनोवर माझा इतका विश्वास बसला की जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर येऊरला तोच घालून गेले. दोन तासांत एक मोजा 38 वरून 61 ग्रॅमवर गेला आणि घरात पंख्याखाली वाळायला त्याला जवळजवळ दोन दिवस लागले. गुडघाभर ओहोळातून गेल्यावर पाणी बुटात वरून शिरते, आणि पाणी आत न येऊ देणारे अस्तर मग तेच पाणी बाहेरही जाऊ देत नाही. काकांना सांगितले तेव्हा ते हसले. "पावसाळ्यात कोरडे राहायचा विचारच सोड," ते म्हणाले. "पातळ मोजे घाल, जास्त जोड ने, आणि रात्रीचा जोड वेगळा ठेव. त्याला दिवसा हात लावायचा नाही."

17 आणि 18 ऑगस्टला लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाची आणि दुसऱ्या दिवशी कोंढाण्याच्या लेण्यांवरून कोंडिवड्याला उतरून कर्जत, असा बेत होता. सॅकमध्ये पातळ पॉलिएस्टरचे चार जोड आणि घट्ट तोंड बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मेरिनोचा एक जोड होता. पहिल्या दिवसाची पंधरा-सोळा किलोमीटरची चाल बरीचशी सपाट असली तरी वाटेत ओहोळ लागत राहतात. दर दोन-अडीच तासांनी, आडोसा मिळेल तिथे, मी बूट काढले, त्यातले पाणी ओतले, गाद्या पिळल्या, पाय पंच्याने पुसून पाच-सात मिनिटे उघडे ठेवले आणि पिळून सॅकच्या बाहेर अडकवलेला मागचा जोड पुन्हा चढवला. तो कोरडा नव्हता, पण निथळतही नव्हता. उधेवाडीला पोहोचल्यावर मुक्कामाच्या घराच्या ओसरीवर पाय पाहिले, तेव्हा तळव्यांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. तशी कातडी लवकर फाटते, म्हणून रात्री ती पूर्ण वाळणे अत्यावश्यक असते. चुलीजवळ पाय शेकायचा मोह आवरला, कारण सुन्न झालेल्या कातडीला चटका बसला तरी कळत नाही. पिशवीतला मेरिनो घातला आणि घोंगडी ओढून झोपले. सकाळी कातडी पुन्हा गुलाबी झाली होती.

कोरडा मेरिनो काढून कालचा गार, ओला मोजा पायात चढवणे हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत नकोसा क्षण होता. मेरिनोच घालून निघायचे असे दोनदा मनात आले. पण पहिल्याच ओहोळात तो भिजला असता आणि वाटेत कुणाचा पाय मुरगळून आणखी एक रात्र काढावी लागली असती तर कोरडे काहीच उरले नसते. कोंडिवड्याच्या उतारावर पाय पुढे सरकून बोटे बुटावर आपटतात. नखे तीन दिवस आधी कापली होती आणि अंगठ्यांना कागदी पट्टी लावली होती. कर्जत लोकलमध्ये बसल्यावर बूट काढून पाहिले, तेव्हा फोड एकही नव्हता. उजव्या टाचेवर एक लालसर ठिपका होता, तो मंगळवारपर्यंत गेला.

मोजे मी आता उलटे करून गार पाण्यात धुते, म्हणजे आतली घामाची खारट पुटे निघतात. कपडे मऊ करणारे द्रव्य वापरत नाही, कारण त्याचा थर तंतूंवर बसतो आणि मग घाम पुढे सरकत नाही. मेरिनोच्या उजव्या मोज्याची टाच उजेडात धरली की जाळी दिसू लागली आहे. दिवाळीनंतर थंडी पडली की नवा जोड घ्यावा लागेल, आणि या वेळी बूट सॅकमध्ये घालून दुकानात संध्याकाळी जाणार आहे.